शब्दांचं झाड किती जागा खातं?

फोनवर मराठी टाइप करताना आपण 'क' दाबतो, मग 'म' दाबतो, आणि पुढचं अक्षर शोधायला बोट हलायच्या आत वरच्या पट्टीत कमळ, कमान, कमाई असे दोन-तीन शब्द येऊन उभे राहतात. आपल्या मनातला शब्द फोनला कळलेला नसतो. त्याने स्वतःला एवढंच विचारलेलं असतं, की माझ्याकडच्या यादीत 'कम'ने सुरू होणारे शब्द कोणते?

शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम वेगळा प्रश्न विचारतो: 'कमान' हा शब्द यादीत आहे की नाही? दोन्ही प्रश्न एकाच यादीला विचारलेले, ऐकायला सख्खे भाऊ वाटतात. पण संगणकाच्या मेमरीत यादी कशी मांडून ठेवायची, हे या दोघांपैकी कोणाला उत्तर द्यायचं आहे त्यावर ठरतं. 'आहे की नाही' या प्रश्नासाठी हॅश टेबल नावाची मांडणी आहे. 'कशाने सुरू होतं' यासाठी ट्राय नावाची मांडणी आहे, आणि तिच्याबद्दल पुस्तकांत एक सोयीस्कर समज पसरलेला आहे की तिने जागा वाचते. तो समज मी बरीच वर्षं बाळगला होता. कागदावर हिशेब मांडला तेव्हा तो गेला. तोच हिशेब इथे मांडतो.

यादी मुद्दाम लहान घेऊ, सातच शब्दांची: कमळ, कमान, कमाल, कमाई, कर, करवत, करवंद.

हॅश टेबलमध्ये शब्द कप्प्यांत ठेवलेले असतात आणि कुठला शब्द कुठल्या कप्प्यात हे एक गणित ठरवतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक आहे. क म्हणजे २३२५, म म्हणजे २३५०, ळ म्हणजे २३५५. जावा भाषेत शब्दांसाठी जो नियम वापरतात तोच घेऊ: आतापर्यंतच्या आकड्याला ३१ने गुणायचं आणि पुढच्या अक्षराचा क्रमांक त्यात मिळवायचा. 'कमळ'साठी २३२५ गुणिले ३१ अधिक २३५०, म्हणजे ७४,४२५. त्याला पुन्हा ३१ने गुणून २३५५ मिळवले की २३,०९,५३०. आपल्याकडे १६ कप्पे आहेत असं धरलं तर या आकड्याला १६ने भागून उरते ती बाकी म्हणजे कप्प्याचा क्रमांक. बाकी १०. कमळ गेलं दहाव्या कप्प्यात.

बाकीच्या शब्दांचं असंच गणित केलं की कमान तिसऱ्या कप्प्यात जाते, कमाल तेराव्यात, कमाई पुन्हा तिसऱ्यात, कर अकराव्यात, करवत दहाव्यात आणि करवंद चौदाव्यात. म्हणजे कमळाच्या शेजारी करवत येऊन बसली. एका कप्प्यात दोन शब्द आले तर त्यांची साखळी करतात आणि शोधताना दोन्ही शब्द पूर्ण ताडून पाहतात, त्यामुळे काही बिघडत नाही. कमान यादीत आहे का? गणित करा, तिसरा कप्पा उघडा, बघा. यादी सात शब्दांची असो की सात लाखांची, कप्पे पुरेसे ठेवले असतील तर काम तेवढंच.

आता 'कम'ने सुरू होणारे शब्द मागा. 'कम' या दोन अक्षरांचं गणित ७४,४२५वर थांबतं आणि त्याची बाकी येते ९. नववा कप्पा उघडला तर तो रिकामा. आपले चार शब्द दहा, तीन आणि तेरा या कप्प्यांत विखुरलेले आहेत आणि नऊ या आकड्यावरून त्यांच्याकडे जायची वाट नाही. हा दोष म्हणता येणार नाही, कारण शब्द कप्प्यांमध्ये सारखे पसरावेत म्हणून त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं पुसून टाकणं हेच या गणिताचं काम आहे. नातं पुसलं गेलं की सुरुवातीवरून शोध घ्यायला एकच मार्ग उरतो: सगळे कप्पे उघडून प्रत्येक शब्द तपासणं.

ट्रायमध्ये शब्द अख्खा कुठेच ठेवलेला नसतो. अक्षरामागून अक्षर अशी वाट असते आणि ज्यांची सुरुवात सारखी, त्यांची वाट तेवढ्यापुरती एकच असते. आपले सात शब्द असे उभे राहतात:

```
(मूळ)
└─ क
   ├─ म
   │  ├─ ळ *
   │  └─ ा
   │     ├─ न *
   │     ├─ ल *
   │     └─ ई *
   └─ र *
      └─ व
         ├─ त *
         └─ ं
            └─ द *
```

जिथे चांदणी आहे तिथे एक शब्द पूर्ण होतो. 'र'वर चांदणी आहे कारण 'कर' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याच्या पुढेही वाट आहे कारण करवत आणि करवंद त्याच्यातूनच निघतात. काना आणि अनुस्वार वेगळे का दिसतात, असा प्रश्न पडेल. युनिकोडमध्ये ते खरोखरच वेगळी चिन्हं आहेत. आपण ज्याला 'मा' हे एक अक्षर म्हणतो ते साठवताना म आणि काना अशी दोन चिन्हं होतात.

'कम'ने सुरू होणारे शब्द हवेत? मुळापासून क, तिथून म. दोन पावलांत आपण अशा जागी पोचलो जिच्या खाली हवे असलेले सगळे शब्द आहेत आणि नको असलेला एकही नाही. पायथन भाषेत हे सगळं इतक्या थोडक्यात लिहिता येतं:

```python
def jod(mul, shabd):
    n = mul
    for akshar in shabd:
        n = n.setdefault(akshar, {})
    n["$"] = True

def shodh(mul, suruvat):
    n = mul
    for akshar in suruvat:
        if akshar not in n:
            return None
        n = n[akshar]
    return n
```

पहिला भाग शब्द झाडात घालतो, दुसरा सुरुवात घेऊन खाली उतरतो. डॉलरचं चिन्ह म्हणजे आपली चांदणी.

ही कल्पना छापील रूपात १९५९ साली रेने द ला ब्रियांदे यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत मांडली. पुढच्या वर्षी एडवर्ड फ्रेडकिन यांनी तिला ट्राय हे नाव दिलं. 'रिट्रीव्हल' या इंग्रजी शब्दाच्या मधली अक्षरं उचलून ते नाव केलं असल्याने फ्रेडकिन यांच्या मते त्याचा उच्चार 'ट्री' व्हायला हवा होता. पण संगणकशास्त्रात झाडाला आधीच ट्री म्हणत असल्याने बोलताना घोळ होऊ लागला आणि लोकांनी ट्राय म्हणायला सुरुवात केली. नाव देणाऱ्याचं लोकांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.

आता जागेकडे येऊ. सात शब्दांत मिळून २६ चिन्हं आहेत आणि झाडात मूळ सोडून १२च गाठी आहेत. सव्वीसची कामं बारात झाली, निम्म्याहून जास्त बचत! पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पण गाठ म्हणजे नुसतं अक्षर नसतं. पुढच्या गाठी मेमरीत कुठे आहेत त्यांचे पत्ते तिला जवळ बाळगावे लागतात. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात आणि आजच्या संगणकावर एक पॉइंटर ८ बाइट घेतो. देवनागरीतलं एक चिन्ह फाइलमध्ये नेहमीच्या पद्धतीने ३ बाइटांत मावतं. म्हणजे ज्याच्याकडे जायचं त्याच्यापेक्षा त्याचा पत्ताच अडीचपटीने जड.

त्यात शिकवताना दाखवतात ती मांडणी अशी: प्रत्येक गाठीत वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरासाठी एक खण. युनिकोडने देवनागरीला सलग १२८ जागा दिल्या आहेत, तेव्हा १२८ खण. 'म' हवा असेल तर मचा खण थेट उघडायचा, शोधाशोध नाही. एका गाठीला १२८ गुणिले ८, म्हणजे १,०२४ बाइट झाले. चांदणीची खूण ठेवायला आणखी थोडी जागा धरली की १,०३२. मूळ धरून आपल्या तेरा गाठींना १३,४१६ बाइट लागले. खण एकूण १,६६४, त्यातले भरलेले १२. उरलेले १,६५२ खण 'इथे काही नाही' एवढंच सांगण्यासाठी जागा अडवून बसले आहेत. आणि ज्यांच्यासाठी हा वाडा बांधला, त्या सात शब्दांची स्वतःची लांबी ७८ बाइट!

हॅश टेबलचा खर्च काढू. सोळा कप्प्यांचे पॉइंटर १२८ बाइट. प्रत्येक शब्दामागे एक नोंद, तिच्यात गणिताचा आकडा, शब्दाचा पत्ता आणि साखळीतल्या पुढच्याचा पत्ता, म्हणजे २४ बाइट, सातांचे १६८. शब्द स्वतः ७८ आणि प्रत्येकाच्या शेवटी 'संपला' सांगणारा एक बाइट, असे ८५. सगळे मिळून ३८१ बाइट. मेमरी मागताना होणारा वरखर्च दोन्हीकडे सोडून दिला आहे. जागा वाचवणारा म्हणून ज्याची ख्याती, त्या ट्रायला हॅश टेबलच्या पस्तीसपट जागा लागली.

खणांचा हट्ट सोडला तर चित्र पालटतं. गाठीने आपल्या सगळ्या मुलांचे पत्ते ठेवायचेच कशाला? फक्त पहिल्या मुलाचा पत्ता ठेवायचा आणि प्रत्येक मुलाने आपल्या पाठच्या भावंडाचा. ळची चौकशी करायला 'म'कडे गेलात तर तो पहिल्या मुलाकडे बोट दाखवणार, तो नसेल तर तोच पुढच्या भावंडाकडे. ही युक्ती द ला ब्रियांदे यांच्या १९५९च्या निबंधातलीच आहे. आता एका गाठीला दोन पत्ते, एक चिन्ह आणि चांदणीची खूण पुरते. मेमरीत सोयीने बसवायला मध्ये सोडावी लागणारी जागा धरून २४ बाइट. तेरा गाठींचे ३१२. हॅश टेबलपेक्षाही कमी! झाड तेच, शब्द तेच, फक्त गाठीची ठेवण बदलली आणि १३,४१६चे ३१२ झाले. म्हणून ट्रायला किती जागा लागते असं कोणी विचारलं, तर गाठ कशी बांधली आहे हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. एखाद्या गाठीला चाळीस मुलं असली तर चाळिसाव्यापर्यंत पोचायला चाळीस उड्या. मेमरीतल्या अशा उड्या महाग असतात, कारण दर वेळी संगणकाला नव्या, दूरच्या जागी जावं लागतं. मात्र चाळीस मुलं असणाऱ्या गाठी झाडाच्या वरच्या दोन-तीन पातळ्यांवरच सापडतात. खाली गेलं की बहुतेक गाठींना एखादंच मूल असतं. म्हणून जाणते लोक वरच्या पातळ्यांवर खण वापरतात आणि खाली भावंडांची रांग. वर दिलेला पायथनचा प्रोग्रॅम तिसराच मार्ग घेतो आणि त्यात गंमत आहे: त्यातली महिरपी कंसांची प्रत्येक जोडी हे स्वतःच एक छोटं हॅश टेबल आहे. पायथनमध्ये एकच नोंद असलेलं असं टेबल दोनशे बाइटांच्या आसपास जागा घेतं. म्हणजे पाचशे-हजार शब्दांसाठी ठीक, लाखो शब्दांसाठी नाही.

मोठ्या यादीत काय होतं? एक लाख शब्द धरू, सरासरी लांबी सात चिन्हं, आणि सामायिक सुरुवाती वजा जाता तीन लाख गाठी उरतात असं समजू. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या यादीत ते वेगळे निघतील. खणांच्या ट्रायला सुमारे ३१ कोटी बाइट लागतील, म्हणजे ३१० एमबी. सुचवणाऱ्या पट्टीसाठी कुठलाही फोन एवढी मेमरी देणार नाही. भावंडांच्या रांगेला ७२ लाख बाइट. हॅश टेबलला, सव्वा लाखाहून थोडे जास्त कप्पे धरून, ५६ लाखांच्या आसपास. छोट्या यादीत रांग जिंकली होती, इथे हॅश टेबल थोडं पुढे आहे.

यावर एक हुशार उपाय सुचतो, बऱ्याच जणांना सुचतो. हॅश टेबलमध्ये नुसते शब्द ठेवण्याऐवजी त्यांच्या सगळ्या सुरुवातीही ठेवल्या तर? क, कम, कमा, कमान, सगळंच. मग 'कम'चा कप्पा रिकामा राहणार नाही आणि तिथे 'कम'च्या शब्दांची यादीच लटकवता येईल. चालतं हे. पण वेगवेगळ्या सुरुवाती एकूण किती होतात ते मोजा. आपल्या सात शब्दांच्या होतात बारा. मूळ सोडून झाडातल्या गाठीही बाराच होत्या, आणि हा योगायोग नाही. झाडातली प्रत्येक गाठ म्हणजे एक सुरुवात. तेव्हा या उपायाने आपण ट्रायच बांधला, फक्त प्रत्येक गाठीवर मुळापासूनची सगळी अक्षरं पुन्हा लिहून ठेवली. त्या बारा सुरुवातींत ३९ चिन्हं आहेत, म्हणजे नुसत्या अक्षरांचे ११७ बाइट, आणि नोंदींचा खर्च वर. हॅश टेबलला सुरुवातीवरून शोधायला लावलं की त्याला ट्रायइतक्या नोंदी ठेवाव्याच लागतात.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे आणि ती शब्दांच्या शेवटाला आहे. आपण घर म्हणतो, मग घराला, घरात, घरातून, घरासाठी, घरापासून. दाराचंही तसंच, गावाचंही तसंच. ट्राय सुरुवाती एकत्र करतो, शेवट नाही. त्यामुळे 'साठी'ची चार चिन्हं प्रत्येक नामाच्या शेवटी वेगळ्या गाठींनी उभी राहतात. दहा हजार नामं असतील तर एका 'साठी'पायी चाळीस हजार गाठी; रांगेच्या हिशेबाने साडेनऊ लाखांहून जास्त बाइट, आणि असे प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं डझनावारी. एकुलत्या मुलांच्या लांब साखळ्या दुमडून एका गाठीत घालायची युक्ती डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ साली पॅट्रिशिया या नावाने प्रसिद्ध केली. तिने गाठी कमी होतात, पण 'साठी' तरीही दहा हजार वेळा लिहिलेलीच राहते.

खरा उपाय आहे तो शेवटही जोडून टाकायचा. घरा, दारा, गावा इथपर्यंत वाटा वेगळ्या, आणि पुढे सगळ्यांसाठी 'साठी'ची एकच वाट. झाडाच्या फांद्या टोकाला पुन्हा एकत्र आल्या की ते झाड राहत नाही, जाळं होतं. स्क्रॅबल या शब्दखेळाच्या प्रोग्रॅमसाठी अँड्र्यू अपेल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ साली हेच केलं होतं. मराठीसारख्या प्रत्ययांच्या भाषेला ही मांडणी इंग्रजीपेक्षा जास्त मानवेल असं मला वाटतं. पण फुकट काही नाही. ट्रायमध्ये 'घरासाठी'च्या शेवटच्या गाठीवर तो शब्द किती वेळा वापरला जातो हा आकडा लिहून ठेवता येतो, आणि फोनला कुठला शब्द आधी सुचवायचा हे त्यावरूनच कळतं. जाळ्यात 'घरासाठी' आणि 'दारासाठी' एकाच गाठीवर संपतात. आकडा कोणाचा लिहायचा? वाटेवर मोजणी ठेवून प्रत्येक शब्दाला क्रमांक देता येतो आणि आकडे त्या क्रमांकाने बाहेर ठेवता येतात, पण मग नवा शब्द घालायचा म्हटलं की सगळी मोजणी हलते.

देवनागरीत जागेच्या हिशेबापेक्षाही जास्त छळणारी गोष्ट म्हणजे दिसायला सारखे आणि आतून वेगळे शब्द. माझा पहिला ट्राय इंग्रजी पुस्तकातून उतरवलेला होता, २६ खणांचा. मराठी शब्द दिल्याबरोबर तो कोसळला, कारण तो प्रत्येक बाइटातून इंग्रजी 'a'चा क्रमांक वजा करून खण शोधत होता आणि मराठीचे बाइट २६च्या कितीतरी बाहेर पडत होते. असं कोसळणं परवडतं, निदान चूक कळते. कळत नाही ती चूक अशी: 'दऱ्या' हा शब्द यादीत आहे, तुम्ही 'दऱ्या' टाइप करता, आणि उत्तर येतं की नाही. त्यातला ऱ युनिकोडमध्ये U+0931 हे एक चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता U+093C अशा दोन चिन्हांनी. काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि त्यानंतर U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह टाकून हाच आकार काढतात. डोळ्याला तिन्ही एकच, झाडाला तीन वेगळ्या वाटा. हॅश टेबलमध्येही तीन वेगळे कप्पे, म्हणजे या बाबतीत कोणीच सुटलेलं नाही. शंका आली की दोन्ही शब्दांचे क्रमांक छापून बघावेत. दोष लगेच दिसतो. पहिले दोन प्रकार `unicodedata.normalize("NFC", s)` एकत्र करतं. तिसरा मात्र करत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो, आणि तो यादी भरताना आणि शोधताना, दोन्ही वेळा लावावा लागतो. एकाच बाजूला लावला तर आधीपेक्षा जास्त शब्द हरवतात.

बाकी देवनागरीची साठवण या कामाला सोयीची आहे. 'कि'मधली वेलांटी कागदावर कच्या आधी दिसत असली तरी साठवताना ती कच्या नंतरच येते, त्यामुळे 'क' दाबल्यावर किल्लाही हाती लागतो. क्षण हा शब्दही कच्याच खाली येतो, कारण क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. वर्णमाला पाठ करताना क्ष-ज्ञ शेवटी म्हणायची सवय असलेल्याला हे जरा खटकतं, इतकंच.

आता निकाल. यादी ठरलेली असेल, रोज शब्द घालायचे नसतील, तर ट्राय आणि हॅश टेबल दोघांनाही बाजूला ठेवा आणि यादी क्रमाने लावून टाका. छापील शब्दकोशाची तीच मांडणी आहे. क्रमाने लावलेल्या यादीत 'कम'चे सगळे शब्द आपोआप शेजारी बसतात. मधोमध उघडायचं, मागे की पुढे ते बघायचं, पुन्हा उरलेल्याच्या मधोमध. लाख शब्दांत अशा सतरा पायऱ्यांत 'कम'ची सुरुवात सापडते. जागा लागते शब्दांची २२ लाख बाइट आणि प्रत्येकाची सुरुवात कुठे हे सांगणारे ४ लाख, म्हणजे हॅश टेबलच्या निम्म्याहून कमी. हा साधा उपाय लोक आधी करून का बघत नाहीत, हे मला कळलेलं नाही.

ट्राय खरा कामाला येतो तो प्रत्येक अक्षराला काही निर्णय घ्यायचा असेल तिथे. बोट चुकून 'म'ऐवजी 'न'वर पडलं असेल, तर झाडात उभं राहून दोन्ही फांद्यांनी एकदम उतरता येतं आणि जी फांदी पुढे संपते ती तिथेच सोडून देता येते. 'क'खाली हजारो शब्द असताना त्यातले तीनच दाखवायचे असतील, तर प्रत्येक गाठीवर 'माझ्या खालचा सगळ्यात जास्त वापरातला शब्द किती वेळा आला' हा एक आकडा ठेवला की बाकीच्या फांद्यांकडे बघावंच लागत नाही. गाठीमागे चार बाइट वाढतात, ते द्यायला हरकत नाही. आणि फक्त 'आहे की नाही' एवढंच विचारायचं असेल, तर हॅश टेबलच घ्या.

ट्राय बांधायचं ठरलंच, तर बांधण्याआधी गाठी किती होणार ते मोजून घ्या. त्यासाठी झाड लागत नाही, वेगवेगळ्या सुरुवाती मोजल्या की झालं. `words`मध्ये तुमची यादी ठेवा आणि ही ओळ चालवा:

```python
len({w[:i] for w in words for i in range(1, len(w) + 1)})
```

आपल्या सात शब्दांना ती १२ सांगते. तुमच्या यादीला सांगेल त्या आकड्याला आधी २४ने गुणा आणि मग १,०३२ने.